कापडी पॅड, पिरियड पँटी आणि वाळत घालायची दोरी

कापडी पॅडला अंगाच्या बाजूने मऊ सुती कापड, मध्ये रक्त शोषणाऱ्या फ्लॅनेलच्या घड्या आणि खाली ओल झिरपू न देणारे अस्तर असते. पॅड टिचबटणांनी चड्डीवर बसते. पिरियड पँटीत हेच थर चड्डीतच शिवलेले असतात. वापरून फेकायच्या पॅडमध्ये लाकडाचा लगदा आणि ओल धरून जेल होणारी पॉलिमरची भुकटी असते.

खर्चाचा हिशेब आधी वापरात असलेल्या पॅडच्या किमतीवर ठरतो. पाच दिवस रोज चार, म्हणजे पाळीला २० पॅड लागतात असे धरू. सहा रुपयांचे पॅड असेल तर महिन्याला १२० रुपये होतात. अडीचशे रुपयांची आठ कापडी पॅड घेतली तर दोन हजार रुपये सुमारे १७ महिन्यांत वसूल होतात. सातशे रुपयांच्या पाच पँटींना अडीच वर्षे लागतात, तोवर त्यांचे इलॅस्टिक सैल पडू लागलेले असू शकते. जनऔषधी केंद्रातले एक रुपयाचे पॅड वापरणाऱ्या बाईचे मात्र कापडी पॅडचे पैसे आठ वर्षांतही फिटत नाहीत. तिला बचतीचे कारण सांगण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा धुण्याची. पॅड आधी थंड पाण्यात भिजवावे लागते. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठतात आणि डाग धाग्यात पक्का बसतो. पाण्याचा रंग जाईपर्यंत पिळून मग साबण लावायचा आणि तो पूर्ण निघेपर्यंत खळबळायचे. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसला की कापड ओल शोषत नाही. धुतलेल्या पॅडवर पाण्याचा थेंब टाकला आणि तो मुरण्याऐवजी तसाच उभा राहिला, तर हेच झाले आहे असे समजावे. ब्लीच आणि इस्त्रीने अस्तर खराब होते. वाळवायला ऊन उत्तम, पण कोकणातल्या पावसाळ्यात जाड घड्यांचा आतला भाग दोन दिवसही ओला राहतो. वरून कोरड्या वाटणाऱ्या पॅडला कुबट वास आला तर ते पुन्हा धुवून नीट वाळवावे. लाजेपोटी दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातलेल्या पॅडचे तेच होते.

वापरताना जेलचे पॅड अधिक कोरडे वाटते, पण त्याच्या प्लास्टिकच्या जाळीने काहींच्या मांड्यांना पुरळ येते. सुती कापड त्वचेला सोसते, मात्र ओल जाणवते आणि पॅड पुढेमागे सरकते. पँटी सरकत नाही म्हणून झोपताना सोयीची; बाहेर असताना ती बदलणे मात्र कटकटीचे, कारण सलवार किंवा पँट पूर्ण उतरवावी लागते. जास्त रक्तस्रावाच्या दिवशी दोन्हींपेक्षा फेकायचे पॅडच भरवशाचे. पुन्हा वापरण्याच्या पॅड व पँटींसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७५१४ हे २०२१ चे मानक आहे. विकत घेताना वेष्टनावर त्याचा उल्लेख पाहावा.