म्हातारचळ नव्हे, गोळीचा परिणाम: कंपवात आणि पुरुषाचं कामजीवन

कंपवाताचा रुग्ण डॉक्टरांना हाताच्या थरथरीबद्दल सांगतो, पाय अडखळतात ते सांगतो, बद्धकोष्ठाची तक्रारही करतो. पलंगावर काय बिनसलंय ते मात्र सांगत नाही. बायको शेजारच्या खुर्चीत बसलेली असते, कधी मुलगाही सोबत आलेला असतो, आणि डॉक्टरही बहुधा आपणहून विचारत नाहीत. या अबोल्यात काही समजुती पक्क्या होऊन बसतात. त्यातल्या एकीने तर चांगले संसार विस्कटतात, म्हणून तिच्यासाठी मी जास्त जागा ठेवली आहे.

"वय झालं, आता असंच होणार"

साठीच्या पुरुषाला लिंगाची ताठरता कमी पडू लागली की घरचे आणि तो स्वतःही वयावर बोट ठेवतात. वयाचा वाटा असतो, पण कंपवातात वेगळं कारण असतं. या आजारात मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तेवढंच ठाऊक नसतं ते असं, की रक्तदाब, आतडी, मूत्राशय आणि लिंगाचा रक्तपुरवठा आपोआप सांभाळणाऱ्या नसाही याच आजारात बिघडतात. म्हणूनच बद्धकोष्ठ, रात्री वारंवार लघवीला उठणं, उभं राहिल्यावर चक्कर आणि ताठरतेची अडचण या तक्रारी एकाच माणसात हातात हात घालून येतात. काही पुरुषांत ताठरतेची अडचण थरथर सुरू होण्याच्या काही वर्षं आधीच दिसते. याचा अर्थ ताठरता कमी झाली म्हणजे कंपवात येणारच, असा मुळीच नाही. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार ही त्याची कितीतरी जास्त सामान्य कारणं आहेत, आणि कंपवाताच्या रुग्णातही ती तपासायलाच हवीत.

शिवाय शरीर मंदावलेलं असतं. कूस बदलायला त्रास, हात ताठलेले, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. हा निर्विकार चेहरा फार गैरसमज करतो. नवऱ्याला ओढ असते, पण ती चेहऱ्यावर दिसत नाही; बायकोला वाटतं, याचं आपल्यात लक्षच उरलेलं नाही. चेहऱ्याचे स्नायू आजाराने मंद झाले आहेत आणि मन तसं मंद झालेलं नाही, एवढं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर पुष्कळ दुखणी टळली असती.

"गोळ्यांनीच सगळं बिघडवलं, बंद करून टाका"

यात खरं-खोटं मिसळलेलं आहे. लेव्होडोपा, म्हणजे सिंडोपासारख्या गोळ्यांमधलं मुख्य औषध, सहसा पौरुष घालवत नाही. हालचाल सुटी झाल्यामुळे बऱ्याच जणांना मदतच होते. इच्छा किंवा ताठरता खरोखर घटवणारी औषधं बहुधा चिठ्ठीच्या खालच्या ओळींत सापडतात. नैराश्यासाठी दिलेल्या एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिनने वीर्यपतन लांबतं किंवा होतच नाही, इच्छाही ओसरते. मळमळ होऊ नये म्हणून जोडीला दिलेली डोमपेरिडोन प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवते, आणि ते वाढलं की इच्छा घटू शकते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन काहींचं वीर्यपतन बिघडवते. तेव्हा डॉक्टरांपुढे फक्त कंपवाताच्या नव्हे, सगळ्याच गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून न्यावीत.

पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नये. लेव्होडोपा एकदम तोडली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, भान हरपतं. त्यात जीवही जाऊ शकतो.

"या वयात असले चाळे? म्हातारचळ लागलाय"

आता ती संसार विस्कटणारी समजूत. समजा, ठाण्यातले एक गृहस्थ आहेत, वय 61, बँकेतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी उजव्या हाताची थरथर सुरू झाली. त्यांना लेव्होडोपा आणि जोडीला प्रॅमिपेक्सोल दिली होती. अलीकडे हालचाल मंदावली म्हणून प्रॅमिपेक्सोल अर्ध्या मिलिग्रॅमवरून 1 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, अशी वाढवली. थरथर छान आटोक्यात आली. तीन-चार महिन्यांनी पत्नीच्या लक्षात आलं की नवरा रोज रात्री, कधी पहाटेही, संबंधांसाठी मागे लागतो. नकार दिला की चिडतो, मग मोबाइलवर तासन्‌तास अश्लील चित्रफिती पाहत बसतो. ताठरता नीट येत नाही, तरी हट्ट सुटत नाही. ती मुलीच्या खोलीत झोपू लागली. बहिणीला सांगितलं तर उत्तर आलं, "पुरुषांना या वयात लागतो म्हातारचळ, लक्ष देऊ नकोस."

हा म्हातारचळ नाही. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल आणि रोटिगोटिन ही औषधं मेंदूत डोपामाइनची नक्कल करतात. कंपवातात हालचालींच्या भागातलं डोपामाइन लवकर संपतं; सुख, बक्षीस आणि हव्यास यांच्या भागातलं मात्र सुरुवातीच्या काळात बरंचसं शाबूत असतं. हाताला पुरेसा पडणारा डोस या दुसऱ्या भागाला फार होतो. त्यात प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ज्या ग्राहींना जास्त घट्ट चिकटतात, ते नेमके याच भागात दाटीने असतात. मग इच्छेला लगाम राहत नाही. कुणात ती जुगारात निघते, कुणात खरेदीत, कुणात खाण्यात, तर कुणात कामवासनेत.

2010 साली अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांत अशी कोणती ना कोणती अनावर सवय सापडली. न घेणाऱ्यांत सुमारे 7 टक्के. अनावर लैंगिक वर्तन एकूण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं, पण पुरुषांत स्त्रियांच्या अनेक पटींनी जास्त. हे विचारल्यावर सापडलेले आकडे आहेत. विचारल्याशिवाय फार थोडे लोक सांगतात, आणि रुग्णाला तर बहुधा आपलं वागणं बदललंय हेच पटत नाही. म्हणून माहितीचा खरा स्रोत पत्नी असते. तिला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायला मिळावं, असं मी आग्रहाने म्हणेन.

ओळखायचं कसं? इच्छा वाढणं हे एकटं लक्षण पुरेसं नाही. औषध सुरू झाल्यानंतर किंवा डोस वाढल्यानंतर नवा स्वभाव दिसला, तो या माणसाच्या पूर्वीच्या सवयींशी जुळत नाही, नकार ऐकला जात नाही, आणि पैसा, झोप किंवा घरातली शांती त्यात जाते आहे, असं दिसलं की डॉक्टरांना कळवायचं. सुरुवात पहिल्या महिन्यात होऊ शकते, तशी वर्षा-दोन वर्षांनीही होऊ शकते. म्हणून "इतके दिवस तर ठीक होतं" हा युक्तिवाद चालत नाही.

या गृहस्थांच्या बाबतीत मार्ग असा: प्रॅमिपेक्सोल काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि हालचाल कमी पडेल तशी लेव्होडोपा वाढवायची. एकदम थांबवली तर धास्ती, घाम, उदासी आणि त्याच गोळीची तीव्र ओढ असा माघारीचा त्रास होऊ शकतो. बहुतेकांत डोस उतरल्यावर काही आठवडे ते काही महिन्यांत हव्यास ओसरतो. काहींना थरथर थोडी वाढल्याचं सोसावं लागतं, आणि तो व्यवहार नवरा-बायकोने मिळून ठरवायचा असतो. तोवर मोबाइलवरचे पैशांचे व्यवहार पत्नीकडे किंवा मुलांकडे द्यावेत. आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: औषध कारण असलं तरी पत्नीला नकाराचा पूर्ण हक्क आहे. तिने सहन करणं हा उपचाराचा भाग नाही.

"मग ती निळी गोळी दुकानातून आणू"

हव्यास उतरला, तरी ताठरतेची अडचण राहतेच, कारण ती बिघडलेल्या नसांतून येते. इथे सिल्डेनाफिल उपयोगी पडते आणि कंपवातातही ती तपासून पाहिली गेली आहे. ती इच्छा वाढवत नाही. उत्तेजना असली तर रक्तप्रवाहाला वाट करून देते. म्हणून वरच्या हव्यासावर ती उपाय नाही, उलट तो असताना देणं चुकीचं.

गोळी लिहून देण्याआधी रक्तदाब दोन स्थितींत मोजायचा. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. आपल्या गृहस्थांचा आडवा दाब 138/84 आणि उभ्याने तिसऱ्या मिनिटाला 110/72 आला असं धरू. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर नसांनी दाब सावरणं सोडलं आहे. इथे 28 ने उतरला. अशा माणसाला सिल्डेनाफिल दिली तर दाब आणखी घसरतो आणि संबंधांनंतर बाथरूमला उठताना तो कोसळू शकतो. म्हणून आधी दाब सांभाळायचा, टॅम्सुलोसिन चालू असेल तर तिची गरज पुन्हा तपासायची, आणि मग लहान डोसने, 25 मिलिग्रॅमने, सुरुवात करायची. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची कोणतीही गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल अजिबात घेऊ नये. पडण्याचं प्रमाण फार आणि आजाराच्या सुरुवातीलाच ताठरता पूर्ण गेलेली, असं चित्र असेल तर डॉक्टर कंपवातासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या एका आजाराचा, मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीचाही विचार करतात. त्यात ही गोळी दाब फारच पाडते.

"कौंच बी तर आपलंच आहे, नुकसान काय?"

खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण पिढ्यान्‌पिढ्या वाजीकरणासाठी दिलं जातं. त्या बियांत लेव्होडोपाच असते, साधारण चार ते सहा टक्के. म्हणजे लेव्होडोपाच्या गोळ्या घेणारा रुग्ण दुधातून चूर्ण घेतो, तेव्हा तो न मोजलेला आणखी डोस घेत असतो. परिणामी अंग वेडंवाकडं वळवळणं, मळमळ, रक्तदाब घसरणं, कधी भास. डॉक्टरांना चूर्णाबद्दल माहीत नसतं, मग ते चालू गोळ्यांनाच दोष देतात. बाजारातल्या बिनभरवशाच्या "ताकदीच्या" कॅप्सुलांमध्ये तर सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेली वेळोवेळी सापडली आहे, आणि नायट्रेट घेणाऱ्याने ती अजिबात घ्यायची नसते हे वर आलंच आहे.

रात्रच कशाला हवी?

लेव्होडोपाची शेवटची गोळी रात्री आठला घेतली, तर अकराला तिचा असर ओसरलेला असतो. अंग ताठ, हात थरथरते. अशा वेळी अपयश आलं की माणूस स्वतःलाच निकामी ठरवतो. त्यापेक्षा सकाळची गोळी घेऊन तासाभराने, हालचाल मोकळी असताना एकत्र वेळ काढावा. त्या गोळीबरोबर दूध, पनीर, अंडी नकोत, प्रथिनांमुळे लेव्होडोपा शोषायला उशीर होतो. सिल्डेनाफिलही भरपेट जेवणावर उशिरा लागते, आणि कंपवातात पोट आधीच हळू रिकामं होतं, म्हणून तिला एका तासाहून जास्त वेळ द्यावा लागू शकतो. पलंगावर गुळगुळीत चादर असली तर कूस बदलणं सोपं जातं. आणि संभोग जमलाच पाहिजे अशी अट उठवली, तर कुशीत पडून राहायला कोणत्याच गोळीच्या वेळेची वाट पाहावी लागत नाही.