काजळ पसरवते ते तेल

श्रावणातल्या दमट दुपारी रिसोडच्या बाजारात काजळ डोळ्यांखाली उतरलेले दिसले की दोष घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्याला दिला जातो. हा आरोप अर्धाच खरा आहे. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या ज्योतीवर वाटी धरून जमवलेली काजळी म्हणजे कार्बन, आणि ती पुन्हा तुपात किंवा एरंडेलात घोटतात. यातले काहीच पाण्यात विरघळत नाही. पण डोळ्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ३४ अंश असते आणि त्याच सुमारास तूप मऊ पडते. एरंडेल तर पातळच. त्यात पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथी सतत स्निग्ध द्रव्य सोडतात, आणि त्वचाही तेलकट असते. तेलात घोटलेल्या काजळाला आणखी तेल मिळाले, तर ते पसरणारच.

‘वॉटरप्रूफ लिहिलेले घेतले की झाले’, असे कुणी म्हणेल. त्या शब्दात पाण्याला दाद न देण्याची हमी असते, तेलाला नव्हे. नुसत्या मेणाची पेन्सिल पाण्यात टिकते, पण त्वचेच्या तेलाने मऊ होते. जास्त टिकणाऱ्या पेन्सिलींत आयसोडोडेकेनसारखे लवकर उडून जाणारे द्रव्य असते; ते उडाले की मागे सिलिकॉन रेझिनचा लवचीक थर घट्ट बसतो. दमट दिवशी याचा वेगळाच फायदा होतो. हवेत बाष्प भरपूर असले की पाण्यावर आधारलेले लायनर वाळायला वेळ लागतो. आयसोडोडेकेनला मात्र त्या बाष्पाची फारशी अडचण नसते. पेन्सिल निवडताना हाताच्या पाठीवर दोन रेघा ओढून दोन-तीन मिनिटे थांबावे, मग एकीवर ओले बोट आणि दुसरीवर खोबरेल लावलेले बोट हलकेच फिरवावे. खरी परीक्षा दुसऱ्या रेघेची.

मग पाणावणाऱ्या डोळ्यांना पाण्याचा त्रासच नाही? आहे, पण तो रेघ कुठे ओढली यावर ठरतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या ॲलिसन एन्ग यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लायनरचे कण डोळ्यात कसे शिरतात ते चित्रित केले होते. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावलेले लायनर केसांच्या बाहेर लावलेल्यापेक्षा लवकर आणि जास्त प्रमाणात अश्रूंत मिसळत होते. त्या कडेवर कोरडी जागाच नसल्याने थर बसायला आधार मिळत नाही, आणि प्रत्येक उघडझापीबरोबर अश्रू ते वाहून नेतात. म्हणून डोळ्याला पाणी येत असेल तर आतली कडा सोडावी, केसांच्या मुळाशी बाहेरून रेघ ओढावी आणि त्याआधी तेथील तेल कोरड्या कापडाने टिपावे. भरलेल्या काजळाचे ते जुने रूप यात जाते, हे मान्यच करावे लागेल. बाहेरच्या कोपऱ्यातून करडा ओघळ आला तर तो अश्रूंचा, खालच्या पापणीवर काळी छाया आली तर ती तेलाची. डोळ्याला रोजच पाणी येत असेल, सोबत खाज किंवा लाली असेल, तर पेन्सिल बदलून काही होणार नाही, नेत्रतज्ज्ञाकडे जावे.