दोन इमोजींच्या मिश्रणातून हरवणारा अर्थ

गूगलच्या जीबोर्ड या कळफलकात २०२० साली आलेल्या ‘इमोजी किचन’ या सोयीत दोन इमोजी निवडले की त्यांच्या मिश्रणाचे स्टिकर समोर येते. हे मिश्रण त्या क्षणी घडत नाही. ते आधीच तयार करून ठेवलेले असते, आणि म्हणूनच काही जोड्यांसाठी चित्र मिळतच नाही. अशी चित्रे रचताना चेहरा त्याच्या घटकांत, म्हणजे बाह्याकार, डोळे, तोंड आणि अश्रूंसारख्या जोडखुणांत विभागता येतो. एक चेहरा आणि एक वस्तू असेल तर वस्तूचा आकार घेऊन त्यावर चेहऱ्याचे भाव बसवणे सोपे जाते, कारण कोणी काय द्यायचे हे उघड असते.

अडचण होते ती दोन्ही बाजूंना चेहरे असतात तेव्हा. स्मित करणारा आणि अश्रू ढाळणारा असे दोन चेहरे घेतले आणि पहिल्याचे तोंड व दुसऱ्याचा अश्रू एकत्र ठेवला, तर त्या चित्रातून आनंदाश्रू, लपवलेले दुःख किंवा सुटकेचा निःश्वास यांपैकी काहीही वाचता येते. पाठवणाऱ्याने आधी हसू निवडले की रडू, हा क्रम चित्रात उरत नाही, त्यामुळे ‘हसता हसता रडू आले’ आणि ‘रडता रडता हसू फुटले’ यांत भेद करता येत नाही. शिवाय संदेशाच्या यादीत चित्र लहान झाले की अश्रूचा थेंब घामाच्या थेंबासारखा दिसू लागतो, आणि मग दुःखाऐवजी अवघडलेपणाच वाचला जातो.

दुसरा घोटाळा तांत्रिक आहे, आणि तो अधिक गंभीर म्हणावा लागेल. इमोजी हे युनिकोडमधील, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातील चिन्ह असते, तर स्टिकर ही केवळ प्रतिमा असते. ‘जळते हृदय’ हा खरा संयुक्त इमोजी हृदय आणि ज्वाळा यांच्यामध्ये U+200D हे अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिला जातो. मराठीत ‘दर्‍या’मधील अर्धा र लिहिण्याच्या एका रीतीतही हेच जोडचिन्ह वापरतात. जुन्या फोनला जळते हृदय ठाऊक नसेल तरी त्यावर हृदय आणि ज्वाळा शेजारी शेजारी दिसतात आणि अर्थ बराचसा हाती लागतो. स्टिकरला असा आधार नसतो. त्याचे घटक त्यातून पुन्हा वेगळे करता येत नाहीत, शोधात ते सापडत नाही, आणि अंध वाचकासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला प्रतिमेसोबत वर्णन मिळाले नसेल, तर त्याला केवळ ‘चित्र’ एवढेच ऐकू येते.