पन्नास अंशांतली टाचणी

आठवीतल्या भाचीने दोन चौकोनी आरसे पाठीमागून चिकटपट्टीने जोडले आणि पुस्तक उघडून उभं करावं तसे टेबलावर उभे केले. खाली कागद, कागदावर कोनमापकाने आखलेल्या रेषा. आरशांच्या बेचक्यात थर्माकोलच्या चकतीवर लाल डोक्याची एक टाचणी. “मामा, मोज ना!”

आरसे काटकोनात होते. टाचण्या दिसल्या तीन : उजव्या आरशात एक, डाव्यात एक आणि तिसरी नेमकी सांध्यावर. ही तिसरी मजेदार. ती प्रतिमेची प्रतिमा आहे. उजव्या आरशातली टाचणी डाव्या आरशासमोर येते, म्हणून डावा आरसा तिचीही प्रतिमा काढतो. टाचणी काढून तिथे स्वतःचं तोंड नेलं, तर सांध्यावरचा चेहरा अनोळखी वाटतो, कारण दोनदा उलटल्यामुळे तो सुलटा झालेला असतो. लोकांना आपण जसे दिसतो तसा. त्यात बघून भांग पाडायला जाल, तर कंगवा भलतीकडेच जाईल.

शाळेत शिकवलेला नियम सगळ्यांना आठवत असतो : ३६० ला कोनाने भागा आणि एक वजा करा. ९० अंशांना तीन, ६० ला पाच, ४५ ला सात. हा ‘एक वजा’ कुठून येतो, ते भाकरीवरून कळतं. दोन आरशांमधली जागा हा भाकरीचा एक तुकडा समजा, आरशांचा सांधा हा भाकरीचा मध्य. ६० अंशांच्या तुकड्याने पूर्ण भाकरी सहा तुकड्यांत भरते. त्यातला एक तुकडा खरा, उरलेले पाच आरशांनी दाखवलेले. प्रत्येक तुकड्यात एक टाचणी, आणि सगळ्या टाचण्या सांध्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणजे एकाच वर्तुळावर. वजा केलेली एक म्हणजे टेबलावरची खरी टाचणी.

आता आरसे ७२ अंशांवर आणा. भाकरीचे पाच तुकडे, म्हणजे प्रतिमा चार. टाचणी बरोबर मध्ये असेल, तर चारच. ती एका आरशाकडे सरकवली, की त्या आरशाशी डोळा नेल्यावर सांध्याजवळ पाचवी डोकावते. भाचीला वाटलं, कोन चुकला. कोन बरोबर होता.

प्रत्येक परावर्तनात चित्र उलटतं. खऱ्या तुकड्याच्या शेजारचा तुकडा उलटा, त्याच्या पलीकडचा सुलटा, पुन्हा उलटा. सहा तुकडे असतील, तर अगदी समोरच्या तुकड्याशी उजवीकडून जा की डावीकडून, तीनच उड्या लागतात. दोन्ही वाटांनी तो उलटाच ठरतो, दोन्हीकडून येणारी शेवटची प्रतिमा एकाच जागी पडते आणि आपण ती एकदाच मोजतो. पाच तुकड्यांत हे जमत नाही. मागचा तुकडा एका वाटेने दोन उड्यांवर, म्हणून सुलटा, आणि दुसऱ्या वाटेने तीन उड्यांवर, म्हणून उलटा. टाचणी मध्यावर असेल तर सुलट-उलट सारखंच, भांडण मिटतं. मध्य सोडला, की त्याच तुकड्यात दोन टाचण्या. म्हणून भागाकार विषम आला, तर वस्तू दुभाजकावर असताना एक वजा करायचा, नसेल तर करायचा नाही. पुष्कळ पुस्तकांत हे लिहिलेलं असतं.

खरी गंमत भागाकार पूर्ण येत नाही तेव्हाची. कोन ५० अंश. ३६० भागिले ५० म्हणजे ७.२. तयार उत्तर असं, की अपूर्णांक सोडून द्या, प्रतिमा सात. भाचीच्या वहीतही ‘७’ होतं आणि त्यावर बरोबरची खूण होती. तरी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रतिमांची साखळी कुठे तुटते, हे आधी ठरवायला हवं. दोन्ही आरशांच्या रेषा सांध्यापलीकडे मागे वाढवा. त्या वाढवलेल्या रेषांच्या मधल्या जागेत पडलेली प्रतिमा दोन्ही आरशांच्या पाठीशी असते. समोर नसलेल्या वस्तूची प्रतिमा आरसा काढत नाही, म्हणून साखळी तिथे संपते. यातून मोजणीचा एक भरवशाचा नियम निघतो. टाचणी एका आरशापासून जितक्या अंशांवर असेल, तेवढे १८० मधून वजा करा, उरलेल्याला आरशांमधल्या कोनाने भागा आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. त्या आरशापासून सुरू होणाऱ्या साखळीत तितक्या प्रतिमा. दुसऱ्या आरशाचंही असंच करून बेरीज घ्या. फक्त ३६० भागिले कोन ही सम संख्या येत असेल, तर शेवटच्या दोन प्रतिमा एकावर एक पडतात म्हणून एक कमी करा.

टाचणी ५० अंशांच्या मधोमध, म्हणजे दोन्ही आरशांपासून २५ अंशांवर ठेवू. १८० वजा २५ म्हणजे १५५. त्याला ५० ने भागलं की ३.१, वरचा पूर्णांक चार. दुसरीकडेही चार. एकूण आठ! आता टाचणी एका आरशापासून १० आणि दुसऱ्यापासून ४० अंशांवर सरकवा. एकीकडे १७० भागिले ५०, म्हणजे ३.४, म्हणून चार. दुसरीकडे १४० भागिले ५०, म्हणजे २.८, म्हणून तीन. एकूण सात. मध्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशांची जी पट्टी आहे, तिच्यात टाचणी असेल तर आठ, पट्टीबाहेर गेली की सात. वहीतलं उत्तर चुकीचं म्हणता येत नाही, पण टाचणी कुठे आहे हे प्रश्नात कुठेच नव्हतं.

आम्ही टाचणी मध्यावर ठेवून मोजायला घेतल्या. दिसल्या सहा! भाचीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हिशेब मलाच पुन्हा तपासावा लागला. हिशेब ठीक होता. प्रतिमा तयार होणं वेगळं आणि एका जागेवरून दिसणं वेगळं. दोन्ही साखळ्यांची शेवटची कडी सांध्यामागच्या त्या आंधळ्या जागेत असते, आणि तिच्याकडून येणारे किरण एकाच आरशालगतच्या पाच अंशांच्या चिंचोळ्या पट्ट्यात पोचतात. एक डोळा मिटून दुसरा जवळजवळ आरशाला टेकवला, तेव्हा अगदी सांध्याला चिकटून सातवी टाचणी दिसली. तसंच दुसऱ्या आरशाशी केलं, तेव्हा ती गेली आणि तिच्याऐवजी आठवी आली. आठही एकदम कुठूनच दिसत नाहीत.

साध्या आरशाने हे करताना एक फसगत होते. काचेचा पुढचा पृष्ठभागही थोडा प्रकाश परतवतो, त्यामुळे ठळक टाचणीशेजारी फिकट जुळी टाचणी दिसते. ती मोजायची नाही. शिवाय दर परावर्तनात प्रकाश थोडा मावळतो आणि काचेची हिरवट झाक चढत जाते, म्हणून शेवटच्या टाचण्यांसाठी दिवा जवळ लागतो.

शोभादर्शक, म्हणजे कॅलिडोस्कोप, बनवणाऱ्या स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरला ही अडचण पक्की ठाऊक होती. १८१७ साली त्याने या खेळण्याचं पेटंट घेतलं. वेड्यावाकड्या काचांच्या तुकड्यांतून निर्दोष नक्षी हवी असेल, तर आरशांचा कोन असा हवा की वर्तुळाचे सम भाग पडावेत, हा त्याचा आग्रह होता. मग मागच्या तुकड्यात वाद राहत नाही आणि डोळा हलला तरी नक्षी तुटत नाही.

भाचीने टाचणी काढून तिथे तुटक्या बांगडीचे तुकडे टाकले आणि ६० अंशांवरून आरसे हळूहळू उघडत नेले. सहा पाकळ्यांचं फूल होतं. थोडं उघडताच सांध्यामागची पाकळी मधोमध चिरली, आणि डोकं हलवलं तशी ती चीरही सरकू लागली.