चौरस फुटांत न मावणारा वारा

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपुरात बर्डीवर पंखा घ्यायला गेलं की दुकानदार हमखास विचारतो, "खोली किती चौरस फुटांची?" आपण आकडा सांगतो, तो "मग अठ्ठेचाळीस इंची घ्या" म्हणतो आणि खोकं काउंटरवर येतं. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता मात्र आधी दुसरंच विचारते. खोलीची लांब बाजू किती मीटर आहे? त्या आकड्याला ५५ ने गुणा. जे उत्तर येईल, तितके घनमीटर हवा पंख्यानं दर मिनिटाला हलवली पाहिजे.

क्षेत्रफळ कुठे गेलं? रुंदीनं काय गुन्हा केला? पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, छपाईत काहीतरी सुटलंय. काहीच सुटलेलं नव्हतं. कारण समजल्यापासून मी छताकडे वेगळ्याच नजरेनं बघतो.

आधी तो अठ्ठेचाळीस इंची पंखा नीट बघू. पाती फिरताना त्यांची टोकं हवेत जे वर्तुळ काढतात, त्याचा व्यास म्हणजे पंख्याचा स्वीप. अठ्ठेचाळीस इंच म्हणजे साधारण १२०० मिलिमीटर. मिनिटाला ३५० फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगानं धावत असतं, वर्धा रोडवरच्या गाडीसारखं, तेही आपल्या डोक्यावर आणि जागच्या जागी! असा पंखा मिनिटाला साधारण २२० घनमीटर हवा खाली ढकलतो. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत हवा असते ४८ घनमीटर. म्हणजे खोलीतल्या सगळ्या हवेइतकी हवा तो दर तेरा सेकंदांनी पात्यांतून काढतो. आणि हवा काही बिनवजनाची नसते. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या विरळ हवेचा हिशेब धरला तरी मिनिटाला सव्वादोन क्विंटलहून जास्त माल हा गडी उपसतो.

आता ५५ गुणिले ४ करून बघा. २२०! चार मीटरच्या खोलीला अठ्ठेचाळीस इंची पंखा हे दुकानदाराचं उत्तर बरोबरच होतं. छप्पन इंची, म्हणजे १४०० मिलिमीटरचा पंखा साधारण २७० घनमीटर हवा देतो, तो पाच मीटरच्या खोलीचा धनी. बेचाळीस इंची, म्हणजे १०५० चा, १८० च्या आसपास देतो, तो सव्वातीन मीटरपर्यंत पुरतो.

पण लांबीच का? एक उदबत्ती पेटवा आणि पंख्याखाली धरा. धूर सरळ खाली जातो, फरशीवर आपटतो आणि चहूबाजूंना पसरतो, तव्यावर धिरड्याचं पीठ ओतल्यासारखा. भिंतीपाशी पोचला की वर चढतो, छताखालून परत पंख्याकडे येतो आणि पुन्हा पात्यांत शिरतो. तुम्हाला लागणारा वारा बहुतेक वेळा थेट पंख्यातून आलेला नसतोच, तो फरशीला टेकून वळून आलेला असतो. हा वारा गोल रिंगणात पसरतो. रिंगण दुप्पट मोठं झालं की त्याचा घेरही दुप्पट होतो, आणि वाऱ्याचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून दुप्पट लांबच्या भिंतीपाशी बसलेल्या माणसाला तोच वारा लागायला हवा असेल, तर हवाही दुप्पट लागते. तो साधासुधा गुणाकार या रिंगणाशी किती चोख जुळतो! पंख्याला खोली भरायची नसते, सर्वांत लांबच्या खुर्चीपर्यंत पोचायचं असतं.

माझ्या घरचा हॉल दहा फूट बाय वीस फूट आहे, म्हणजे तीन मीटर बाय सहा, १८ चौरस मीटर. मधोमध एक अठ्ठेचाळीस इंची पंखा होता. सोफ्यावर कागद उडायचे आणि टोकाला जेवायला बसलेल्यांचा घाम वाळायचा नाही. तितक्याच क्षेत्रफळाचा चौरस हॉल असता तर बाजू सव्वाचार मीटर झाली असती, हवा लागली असती २३४ घनमीटर, आणि त्याच पंख्यानं जवळपास निभावलं असतं. सहा मीटरला मात्र ३३० लागतात. त्याच चौरस फुटांना जवळजवळ दीडपट वारा!

एकच पंखा घ्यायचा तर तो साठ इंची लागेल, आणि तोही दमेल. त्यापेक्षा खोलीचे मनातल्या मनात दोन तुकडे करा, तीन बाय तीनचे. एकेका तुकड्याला ५५ गुणिले ३, म्हणजे १६५ घनमीटर. बेचाळीस इंची दोन पंखे लावले की काम झालं. क्षेत्रफळाचा मान इथे येतो. हाच हॉल सहा बाय सहा असता तर असे चार तुकडे पडले असते आणि चार पंखे लागले असते. लांबी पंख्याचा आकार ठरवते, क्षेत्रफळ संख्या. एल आकाराच्या हॉललाही हाच न्याय लावा. कोपऱ्यापलीकडे वारा वळून जात नाही, तेव्हा त्याच्या दोन खोल्या धरा.

दोन पंखे नेमके कुठे लावायचे, तिथे पुष्कळदा घोळ होतो. वायरमन लांबीचे तीन सारखे भाग करतो आणि दोन खुणांवर पंखे टांगतो. सहा मीटरच्या खोलीत ते भिंतीपासून दोन-दोन मीटरवर येतात, आणि एकमेकांपासूनही दोनच मीटरवर. मग दोघांचे वारे मधे लवकर भिडून वर उसळतात आणि टोकं उपाशी राहतात. पंखा आपल्या तुकड्याच्या मध्यावर हवा. म्हणजे भिंतीपासून दीड मीटर, आणि दोन पंख्यांत तीन मीटर. हा निर्णय स्लॅब पडायच्या आधी व्हायला हवा, कारण पंखा ज्यात अडकतो तो फॅनबॉक्स काँक्रीट ओतण्यापूर्वीच सळ्यांत बांधला जातो. नंतर स्लॅब फोडून हूक ठोकत बसावं लागतं. माझं तेच झालं.

दुसरी खोच दांडीची. पातं छताला फार जवळ गेलं तर वरून आत ओढायला हवाच मिळत नाही, म्हणून संहिता निदान ०.३ मीटरचं, म्हणजे फूटभर अंतर सांगते. पंख्याच्या उंचीसाठी तिचं सूत्र असं: छताच्या उंचीची तिप्पट करा, त्यात टेबलाची उंची मिळवा आणि चारनं भागा. तीन मीटरचं छत आणि पाऊण मीटरचं टेबल असेल तर पाती जमिनीपासून सुमारे २.४४ मीटरवर येतात. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या बंगल्यांसारखं साडेचार मीटरचं छत असेल तर साडेतीन मीटरच्या थोडं वर. म्हणून तिथे दांडी जवळजवळ मीटरभर लांब लागते.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. पंखा हवा थंड करत नाही, तो अंगावरचा घाम उडवतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असली हवा कातडीपेक्षा कितीतरी तापलेली असते, म्हणजे पंखा उष्णताही अंगावर आणून टाकतो. पण विदर्भाची हवा कोरडी, घाम झपाट्यानं उडतो, म्हणून पोटात पाणी असेल तोवर पंखा कामाला येतो. घाम आटला की तोच वारा भाजतो. शिवाय तापलेल्या स्लॅबखालची सर्वांत गरम हवाच तो खाली आणतो. म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं आणि खिडकीतला कूलर लावला, की तोच पंखा कूलरची गार हवा खोलीभर वाटतो.

आता माझ्या हॉलमध्ये दोन बेचाळीस इंची पंखे आहेत. परवा पुन्हा उदबत्ती घेऊन फिरलो. दोन्ही पंख्यांच्या बरोबर मधे, फरशीपाशी, दोन्हीकडून आलेला धूर एकमेकांना भिडत होता आणि सरळ रेषेत छताकडे चढत होता, मधे न दिसणारी भिंत असावी तसा.