दीड फुटाचा देव्हारा

छोट्या फ्लॅटमध्ये देव्हारा कुठे लावायचा, यावर घरात चर्चा होते. पूजा बसून करणार की उभ्याने, हे मात्र सुतार विचारतो तेव्हा आठवते. उंची ठरते ती त्यावरच. पाटावर बसून पूजा करायची तर पाटासमोर माणूस बसेल एवढी मोकळी जमीन हवी, आणि वन बीएचकेत ती बहुधा जाण्यायेण्याच्या वाटेत येते. त्यामुळे उभ्याने पूजा सोयीची. मग देवांची फळी जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे साधारण कोपराच्या उंचीला ठेवावी. गंध लावताना हात अवघडत नाही.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली दोन फुटांची भिंत घेऊ. ती पूर्वेची असेल तर पूजा करणाऱ्याचे तोंड आपोआप पूर्वेला होते. भिंतीपलीकडे न्हाणीघर मात्र नको. शास्त्र बाजूला ठेवले तरी तिथे ओल येते आणि ड्रिल मारताना नळ फुटतो. अलीकडच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लग वजनाने सैल होतात, म्हणून टांगण्यापेक्षा जमिनीवर टेकलेले कपाट करून त्यावर दीड फूट रुंद, फूटभर खोल देव्हारा बसवलेला बरा.

खरी अडचण येते ती निरांजनाची. देव्हाऱ्याच्या आत दिवा ठेवला की थोड्याच दिवसांत छत काळे पडते, सनमायका फुगतो. दिवा दहा मिनिटे जळल्यावर वरच्या लाकडाला हात लावून पाहा. ते गरम लागले तर ज्योत फार जवळ आहे. यावर उपाय म्हणजे देवांच्या फळीखाली एक सरकती फळी. पूजेच्या वेळी ती दहा इंच पुढे ओढायची. त्यावर ताम्हन, पळी-पंचपात्र आणि निरांजन. ज्योतीच्या वर मोकळी हवा राहते आणि अभिषेकाचे पाणीही देव्हाऱ्यात सांडत नाही. फळीवर पातळ ग्रॅनाइट बसवा, तेलाचे डाग पुसले जातात. वात लांब ओढली की काजळी वाढते, तेव्हा ती आखूडच ठेवावी. पडदा आणि पंख्याचा झोत दोन्ही दूर हवेत; आणि फळी आत सरकवायची ती दिवा शांत झाल्यावरच.

एवढे करूनही देव्हारा गबाळा दिसतो, कारण लग्नात आलेले गणपती, यात्रेतून आणलेल्या तसबिरी, सगळे तिथेच दाटीवाटीने बसतात. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदैवताचे टाक, शंख आणि घंटा एवढे फूटभर खोलीत नीट मावते, आणि प्रत्येक मूर्ती उचलून पुसता येते. तसबिरी भिंतीवर लावाव्यात. भेटीचे गणपती शोकेसमध्ये ठेवले तर काही बिघडत नाही, असे माझे मत.

वाती, कापूर, उदबत्त्या खालच्या खणात; काडेपेटी मात्र मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर. निर्माल्याला वेताची छोटी टोपली पुरते. कुंडीत टाकण्यापूर्वी हारातला दोरा आणि चमकी काढून घ्यावी, कारण ती मातीत कुजत नाही.