'स्वीकारा' दाबण्याआधी

तिकीट काढून तीन-चार महिने झाले की विमान कंपनीची ईमेल येते: आपल्या विमानाची वेळ बदलली आहे, नवी वेळ मान्य असल्यास इथे दाबा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमानांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं बदलतात, त्यामुळे फार आधी काढलेल्या तिकिटांच्या बाबतीत हे हमखास घडतं. बदल दोन तासांचाच दिसतो आणि माणूस बटण दाबून मोकळा होतो. पण मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या दोन तासांत अख्खा प्रवास मोडू शकतो.

एक उदाहरण घेऊ. नागपूरचं एक साठी ओलांडलेलं जोडपं लेकीकडे डेन्व्हरला निघालंय. मुंबईहून पहाटे २:५० ला निघून ८:२० ला फ्रँकफर्ट, तिथून १०:५० चं विमान आणि दुपारी १:२० ला डेन्व्हर. आता कंपनीने मुंबईचं विमान ४:४५ वर नेलं. ते फ्रँकफर्टला १०:१५ ला पोहोचणार. पुढच्या विमानाला उरली ३५ मिनिटं, आणि तिथे विमान बदलायला किमान ४५ मिनिटं लागतात असं धरलेलं आहे. म्हणून संगणकाने त्यांना आपोआप दुसऱ्या दिवशीच्या डेन्व्हर विमानात बसवलं. ईमेलमध्ये ठळक अक्षरांत दिसते ती मुंबईची नवी वेळ. फ्रँकफर्टमधला चोवीस तासांचा मुक्काम खाली, बारीक तारखेत लपलेला असतो. अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे ट्रान्झिट भागात थांबता येईल, पण हॉटेलात जाऊन आडवं व्हायचं तर शेंगेन व्हिसा हवा. तो नसेल तर रात्र टर्मिनलच्या खुर्चीवर.

म्हणून आधी पाहायची ती शेवटच्या मुक्कामाची तारीख आणि वेळ. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांसाठी २०२४ पासून नियम स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात सुटण्याची वेळ सहा तासांहून अलीकडे आली किंवा पोहोचण्याची सहा तासांहून पुढे गेली, तर बदल मोठा मानला जातो. तो नको असेल तर 'नॉन-रिफंडेबल' तिकिटाचेही न वापरलेले पैसे परत मिळतात. कूपन घ्यायची सक्ती नाही. मधले थांबे वाढले तरी हाच हक्क मिळतो. समजा कंपनीने त्याच दिवशी शिकागोमार्गे संध्याकाळी ७ ला पोहोचवायची तयारी दाखवली. उशीर पाच तास चाळीस मिनिटांचा, म्हणजे सहाच्या आतला. पण एक थांबा वाढला, म्हणून नकार देऊन पैसे मागता येतात. मात्र एकदा 'स्वीकारा' दाबलं की त्या बदलापुरता हा हक्क संपतो.

तरीही लगेच पैसे मागायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिकीट तीन महिन्यांपूर्वीच्या भावाचं असतं, नवं आजच्या भावाने घ्यावं लागतं, आणि उन्हाळी सुट्टीत हा फरक फार मोठा असतो. त्यामुळे मधला रस्ता आधी चोखाळावा: त्याच तिकिटावर, फरक न भरता, दुसऱ्या मार्गाने जागा मागायची. फोन करण्याआधी वेबसाइटवर त्याच कंपनीची किंवा तिच्या भागीदार कंपनीची जागा असलेली विमानं शोधून क्रमांक लिहून ठेवावेत. 'काहीतरी करा हो' म्हटलं की पलीकडचा माणूस समोर दिसेल ते देतो. 'पहाटे १:१० चं झुरिकमार्गे विमान, हे दोन क्रमांक' असं सांगितलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते.

इथे नागपूर-मुंबईचं तिकीट आठवायला हवं. ते वेगळं काढलं असेल तर पुढच्या बदलाशी त्या कंपनीचा काही संबंध नाही. रद्द केलं तर स्वस्त भाड्यात बहुतेक वेळा फक्त कर आणि विमानतळ शुल्क परत येतं. रात्री ९:३० ला मुंबईत उतरणारं विमान २:५० साठी आरामात पुरत होतं. १:१० साठी मात्र सामान घेऊन, टर्मिनल १ वर उतरलं असल्यास रस्त्याने टर्मिनल २ गाठून पुन्हा चेक-इन करायचं, म्हणजे धावपळच. दुपारचं विमान घ्यावं आणि तो खर्च हिशेबात धरूनच झुरिकला होकार द्यावा.

मनासारखा मार्ग मिळालाच नाही, आणि दुसऱ्या कंपनीचं तिकीट परवडतंय याची खात्री झाली, की मग परतावा मागावा. मागणी लेखी असावी: जुनी वेळ, नवी वेळ, आणि 'बदल मान्य नाही, मूळ कार्डावर पैसे हवेत' एवढं वाक्य पुरे. कार्डाने भरलेले पैसे अमेरिकी नियमानुसार कामकाजाच्या सात दिवसांत परत करायचे असतात. तिकीट एजंटकडून घेतलं असेल तर कंपनी एजंटकडे आणि एजंट कंपनीकडे बोट दाखवतो. अशा वेळी कार्डाचं स्टेटमेंट काढावं. पैसे ज्याच्या नावाने कापले गेले, परतावा त्यानेच द्यायचा असतो.